सुपर ओव्हरही टाय झाली तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात थंडी पडली की टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. अशा एखाद्या मैदानावर स्कोअरिंगच्या टेबलाशी बसलं की सुपर ओव्हरवरून होणारी भांडणं जवळून बघायला मिळतात. पहिली सुपर ओव्हर कशी खेळायची हे बहुतेकांना माहीत असतं. ती बरोबरीत सुटली की मात्र मांडवात दहा माणसं दहा नियम सांगतात. कोणी म्हणतं चौकार मोजा, कोणी म्हणतं टॉस करा. खालचे प्रश्न तिथलेच आहेत. उत्तरं आयसीसीच्या सध्याच्या नियमांप्रमाणे दिली आहेत, आणि आयपीएलचा नियम वेगळा आहे तिथे तसं लिहिलं आहे.

एका वाक्यात सांगा: सुपर ओव्हर टाय झाली तर निकाल कसा लागतो?

दुसरी सुपर ओव्हर होते. तीही टाय झाली तर तिसरी, आणि एका संघाच्या धावा जास्त होईपर्यंत असंच पुढे. चौकार, विकेट, साखळीतला क्रमांक, यातलं काहीही मध्ये येत नाही. वेळ संपली किंवा पावसाने खेळच होऊ दिला नाही, तरच वेगळे नियम लागतात. ते पुढे येतील.

मग चौकार मोजायचा नियम कुठे गेला? तो तर आम्ही टीव्हीवर पाहिलाय.

पाहिलाय खरा, पण तो ऑक्टोबर २०१९ मध्ये गेला. त्याआधी सुपर ओव्हर बरोबरीत सुटली की मूळ सामना आणि सुपर ओव्हर मिळून कोणाचे चौकार-षटकार जास्त, ते बघायचे. आयपीएलमध्ये २०१४ ला अबुधाबीत राजस्थान आणि कोलकाता यांची मॅच अशीच सुटली. दोघांच्या १५२ धावा, सुपर ओव्हरमध्ये दोघांच्या ११, आणि जास्त चौकार-षटकारांवर राजस्थान जिंकलं. तेव्हा फारसं कोणी ओरडलं नाही.

ओरड झाली ती १४ जुलै २०१९ ला, लॉर्ड्सवरच्या वर्ल्डकप फायनलनंतर. न्यूझीलंड ८ बाद २४१, इंग्लंड सर्वबाद २४१. सुपर ओव्हरमध्ये इंग्लंडच्या १५, न्यूझीलंडच्याही १५. चौकार-षटकारांची बेरीज इंग्लंडची २६ आणि न्यूझीलंडची १७, म्हणून कप इंग्लंडकडे. नियम आधीपासून लिहिलेला होता आणि दोन्ही संघांना तो माहीत होता, त्यामुळे कोणी फसवलं असं म्हणता येत नाही. पण धावा सारख्या असताना एकाने पळून काढल्या आणि दुसऱ्याने चौकारांनी काढल्या, म्हणून दुसरा सरस, हे कुणालाच पटेना. मलाही तो नियम कधी पटला नाही. एकेरी-दुहेरीवर सामना ओढून नेणाऱ्या संघाला त्याच गोष्टीची शिक्षा होत होती.

तीन महिन्यांनी आयसीसीने बदल केला. जास्त धावा काढेल तो जिंकेल, हेच क्रिकेटचं मूळ तत्त्व धरून सेमीफायनल आणि फायनलमध्ये निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर चालू ठेवायची असं ठरलं.

पहिल्या सुपर ओव्हरचे नियम थोडक्यात सांगाल?

प्रत्येक संघाला सहा चेंडू. दोन विकेट पडल्या की डाव संपला, चेंडू शिल्लक असले तरी. मुख्य सामन्यात ज्याने नंतर बॅटिंग केली तो संघ सुपर ओव्हरमध्ये आधी बॅटिंग करतो, इथे नवा टॉस होत नाही. फिल्डिंगचे निर्बंध सामन्याच्या शेवटच्या ओव्हरसारखेच असतात, म्हणजे सर्कलबाहेर पाच जण. बॉलिंग कुठल्या टोकाकडून करायची ते फिल्डिंग करणारा संघ ठरवतो. चेंडूही तोच संघ निवडतो, पण अंपायरकडच्या वापरलेल्या चेंडूंतून. कोरा चेंडू मिळत नाही.

दुसऱ्या सुपर ओव्हरमध्ये आधी बॅटिंग कोणाची?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पुन्हा पहिल्यासारखंच करायचं असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही, क्रम उलटतो. पहिल्या सुपर ओव्हरमध्ये ज्याने नंतर बॅटिंग केली, तो दुसरीत आधी उतरतो. म्हणजे जो संघ आत्ताच पाठलाग करून थांबलाय, त्यालाच पाच मिनिटांनी परत पॅड बांधून यायचं असतं. तिसरी झाली तर क्रम पुन्हा उलटतो.

चेंडू मात्र बदलत नाही. पहिल्या सुपर ओव्हरला ज्या संघाने जो चेंडू निवडला, तोच त्याने पुढेही वापरायचा. टोक बदलतं. आधी ज्या टोकाकडून बॉलिंग केली त्याच्या समोरच्या टोकाकडून आता करायची. एका बाजूची बाउंड्री जवळ असेल किंवा वारा एकाच दिशेने वाहत असेल, तर त्याचा फायदा एकाच संघाला पुन्हा पुन्हा मिळू नये म्हणून ही सोय आहे.

पहिल्या सुपर ओव्हरमधले खेळाडू दुसरीत खेळू शकतात का?

दोन बंधनं आहेत. आधीच्या कुठल्याही सुपर ओव्हरमध्ये जो आउट झाला त्याला परत बॅटिंग करता येत नाही. आणि ज्या बॉलरने आधीची सुपर ओव्हर टाकली त्याला लगेच पुढची टाकता येत नाही. नाबाद राहिलेला बॅट्समन खुशाल परत येऊ शकतो.

हे वाचायला सोपं वाटतं, पण कप्तानाची खरी कसोटी इथेच लागते. १८ ऑक्टोबर २०२० ला दुबईत झालेली मुंबई आणि पंजाबची मॅच बघा. दुसऱ्या सुपर ओव्हरपर्यंत गेलेली आयपीएलमधली ती पहिलीच मॅच.

मुंबईने आधी बॅटिंग करून ६ बाद १७६ केल्या, पंजाबनेही ६ बाद १७६ केल्या. पंजाब पाठलाग करत होतं, म्हणून पहिल्या सुपर ओव्हरमध्ये त्यांनीच आधी बॅटिंग केली. समोर बुमराह. पूरन आणि राहुल दोघे आउट झाले आणि पंजाबच्या जेमतेम ५ धावा झाल्या. मुंबईला हव्या होत्या ६. रोहित आणि डी कॉक आले, पण शमीने यॉर्करमागून यॉर्कर टाकले. शेवटच्या चेंडूवर दोन हव्या असताना दुसरी धाव घेताना डी कॉक रनआउट झाला. मुंबईच्याही ५.

आता दुसरीचा हिशोब मांडा. बाद झाले म्हणून पंजाबचे राहुल आणि पूरन खेळू शकत नाहीत, मुंबईचा डी कॉक खेळू शकत नाही. बुमराह आणि शमी दोघांनाही बॉलिंग बंद. रोहित नाबाद होता, त्यामुळे त्याला येता आलं असतं, पण मुंबईने पोलार्ड आणि हार्दिकला पाठवलं. क्रम उलटल्यामुळे आधी मुंबईची बॅटिंग. शमी नसल्यामुळे ओव्हर जॉर्डनकडे गेली आणि मुंबईच्या ११ धावा झाल्या. शेवटच्या चेंडूवर पोलार्डचा जवळजवळ षटकार असलेला फटका मयंक अगरवालने सीमारेषेवर हवेत झेपावून आत ढकलला, नाहीतर त्या १५ झाल्या असत्या.

पंजाबला हव्या होत्या १२. बुमराह नव्हता, म्हणून बॉल बोल्टच्या हातात. पहिल्याच चेंडूवर गेलचा षटकार. नंतर मयंकचे दोन चौकार, आणि दोन चेंडू शिल्लक ठेवून काम झालं. पहिल्या ओव्हरमध्ये पाच धावांतच अडकलेल्या त्याच दोन संघांनी दुसरीत ११ आणि १५ काढल्या. दोघांचेही सगळ्यात भरवशाचे बॉलर बाजूला बसले होते, हे त्याचं मोठं कारण. म्हणूनच शहाणा कप्तान पहिल्या सुपर ओव्हरपूर्वीच दुसऱ्या बॉलरचं नाव डोक्यात ठेवतो.

२०१९ च्या फायनलला आजचा नियम असता तर काय झालं असतं?

पार्क मैदानाच्या कट्ट्यावर हा वाद अजून रंगतो, आणि त्यातला निम्मा भाग नियमानेच मिटतो. पहिल्या सुपर ओव्हरमध्ये इंग्लंडने आधी बॅटिंग केली होती, स्टोक्स आणि बटलरने. न्यूझीलंडकडून नीशम आणि गप्टिल आले आणि शेवटच्या चेंडूवर दुसऱ्या धावेसाठी पळताना गप्टिल रनआउट झाला. म्हणजे दुसरीत न्यूझीलंड आधी उतरलं असतं. गप्टिलला बसावं लागलं असतं, नीशमला येता आलं असतं. इंग्लंडकडून स्टोक्स आणि बटलर दोघेही नाबाद, त्यामुळे दोघेही पुन्हा उपलब्ध. आर्चर आणि बोल्ट यांना मात्र बॉलिंग नाही. पुढे काय झालं असतं ते ज्याचं त्याने ठरवावं.

रोहित शर्मा रिटायर होऊन परत कसा आला?

१७ जानेवारी २०२४, बंगळुरू, भारत विरुद्ध अफगाणिस्तान. दोघांच्या २१२ धावा. पहिल्या सुपर ओव्हरमध्ये अफगाणिस्तानने १६ केल्या. भारताला शेवटच्या चेंडूवर दोन हव्या होत्या. रोहित नॉन-स्ट्रायकरला होता. तो बाहेर गेला आणि जोरात पळू शकेल असा रिंकू आत आला. एकच धाव निघाली, पुन्हा टाय. दुसऱ्या सुपर ओव्हरमध्ये रोहित परत बॅटिंगला आला, त्यानेच ११ धावा काढल्या आणि रवी बिश्नोईने तीन चेंडूंत एक धाव देऊन दोन विकेट घेत सामना संपवला.

प्रश्न एवढाच की रोहित गेला तो कसा गेला. दुखापत, आजार किंवा टाळता न येणाऱ्या कारणाने बॅट्समन बाहेर गेला तर तो ‘रिटायर्ड नॉट आउट’ असतो आणि परत येऊ शकतो. दुसरं काही कारण असेल तर तो ‘रिटायर्ड आउट’ धरला जातो. आणि आउट म्हटलं की पुढच्या सुपर ओव्हरमध्ये बंदी यायला हवी. रिंकू जास्त वेगाने पळतो, हे काही दुखापतीचं कारण नाही. अफगाणिस्तानचे कोच जोनाथन ट्रॉट यांनी त्या रात्री स्पष्टपणे म्हटलं की याबाबत आपल्याला काही नीट सांगितलं गेलं नाही. माझ्या मते नियमाचा अर्थ सरळ आहे: चाल म्हणून बाहेर जाणारा आउट, आणि त्याने परत येऊ नये. आपल्याकडे स्पर्धा घेणाऱ्यांनी यातून एक गोष्ट उचलावी. बॅट्समन बाहेर निघताच अंपायरने कारण विचारावं आणि स्कोअरबुकात तिथल्या तिथे लिहावं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोन्ही डगआउट वेगवेगळी गोष्ट सांगतात.

तीन सुपर ओव्हरही झाल्यात म्हणे?

हो. १६ जून २०२५ ला ग्लासगोमध्ये नेदरलँड्स आणि नेपाळ १५२-१५२ वर अडकले. पहिली सुपर ओव्हर १९-१९, दुसरी १७-१७. तिसरीत झॅक लायन-कॅशेने नेपाळला एकही धाव न देता दोन विकेट काढल्या, आणि नेदरलँड्सच्या मायकेल लेविटने पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय टी-२० मध्ये तीन सुपर ओव्हर होण्याची ती पहिली वेळ. तिथवर पोचेपर्यंत बाद झालेल्यांची आणि बॉलिंग केलेल्यांची यादी एवढी वाढते की कोण उरलंय हे स्कोअररलाच सांगावं लागतं.

सुपर ओव्हर संपवायला वेळच उरला नाही, किंवा पाऊस आला तर?

साखळी सामन्यात पुढची सुपर ओव्हर शक्य नसेल तर सामना टाय धरून गुण वाटून देतात. बाद फेरीत गुण वाटता येत नाहीत. आयसीसीच्या स्पर्धेत सेमीफायनल निकालाविना राहिली तर आधीच्या टप्प्यात वरच्या क्रमांकावर असलेला संघ फायनलला जातो, आणि फायनल निकालाविना राहिली तर दोघेही संयुक्त विजेते.

आयपीएलने वेळेची हद्दही घातली आहे. सामना संपल्यापासून एका तासात जितक्या सुपर ओव्हर बसतील तितक्या खेळायच्या. तास संपत आलाय असं दिसलं तर ‘ही शेवटची’ असं मॅच रेफरी दोन्ही कप्तानांना आधीच सांगतो.

सुपर ओव्हरच्या धावा खेळाडूच्या नावावर लागतात का?

नाही. विकेटही नाही. नेट रनरेटमध्येही त्या धरत नाहीत, तिथे सामना टायच असतो. जिंकण्याचे गुण तेवढे मिळतात.

वनडे टाय झाली की पण सुपर ओव्हर होते ना?

मोठ्या स्पर्धेत होते. आयसीसीच्या सध्याच्या नियमांप्रमाणे दोन देशांच्या मालिकेतही होते. २ ऑगस्ट २०२४ ला कोलंबोत भारत आणि श्रीलंका दोघेही २३० वर थांबले आणि सामना मात्र टाय म्हणूनच संपला. त्या रात्री सुपर ओव्हर का नाही, असं विचारत बसलेल्यांचं बरोबर होतं: नियमाप्रमाणे ती व्हायला हवी होती, अशा बातम्या नंतर आल्या. टेस्ट टाय झाली तर टायच राहते.

महिलांच्या क्रिकेटमध्ये हेच नियम?

अगदी हेच. आपल्या जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे ज्या यूपी वॉरियर्झकडून खेळते, त्याच संघाने फेब्रुवारी २०२५ मध्ये डब्ल्यूपीएलमधली पहिली सुपर ओव्हर जिंकली. बेंगळुरू आणि यूपी दोघांच्या १८० धावा होत्या. यूपी पाठलाग करत होतं, म्हणून सुपर ओव्हरमध्ये आधी त्यांनीच बॅटिंग केली आणि ८ धावा काढल्या. एवढ्या कमी धावा पुरणार नाहीत असं वाटत होतं, पण सोफी एक्लेस्टनने स्मृती मानधना आणि रिचा घोष समोर असताना फक्त ४ दिल्या.

आमच्या टेनिस बॉल स्पर्धेच्या नियमात काय छापायचं?

खरं सांगायचं तर पत्रिकेवर बक्षिसाची रक्कम आणि पाहुण्यांची नावं एवढी मोठी असतात की नियमांना जागाच उरत नाही. पहिल्या टायला सुपर ओव्हर, एवढं लिहून थांबतात. मग फायनल रात्री साडेअकराला दुसऱ्यांदा टाय होते, लाइटवाला घड्याळ बघायला लागतो आणि ‘काय बे, आता टॉस का?’ असा आवाज येतो. टॉसवर हरलेला संघ बक्षीस समारंभाला थांबत नाही.

साखळीत दुसरी सुपर ओव्हर ठेवूच नका. एक टाय झाली की एक-एक गुण. दिवसाला सहा-सात मॅच असताना एकीने वीस मिनिटं खाल्ली की शेवटची मॅच अंधारात जाते. बाद फेरीत दुसरी ठेवा, आणि फायनलला निकाल लागेपर्यंत. वेळेची हद्द घालायचीच असेल तर ती आधी लिहा, आणि हद्दीनंतर काय तेही लिहा. साखळीत ज्याचे गुण जास्त तो, असं लिहिलेलं बरं. गटच वेगळे असतील तर फायनलचं बक्षीस वाटून द्या. चौकार मोजण्याच्या फंदात मात्र पडू नका. टेनिस बॉलच्या स्कोअरशीटवर कितीदा नुसती धावसंख्याच चढवलेली असते, चौकार किती हे नंतर कोणी शपथेवर सांगू शकत नाही.

मजकूर असा छापता येईल: ‘बाद फेरीत सामना व सुपर ओव्हर दोन्ही टाय झाल्यास पुन्हा सुपर ओव्हर होईल. आधीच्या सुपर ओव्हरमध्ये नंतर बॅटिंग करणारा संघ आधी बॅटिंग करेल. आधी बाद झालेला अथवा दुखापतीशिवाय रिटायर झालेला खेळाडू बॅटिंग करू शकणार नाही. आधीची ओव्हर टाकणारा बॉलर लगेचची ओव्हर टाकू शकणार नाही.’

स्कोअररने नेमकं काय करायचं?

सुपर ओव्हरसाठी वेगळं पान घ्या, मुख्य सामन्याच्या बेरजेखाली ती ओढू नका. पानाच्या वर दोन रकाने आखा, एकात बाद झालेल्यांची नावं, दुसऱ्यात बॉलरचं नाव, दोन्ही संघांचं वेगवेगळं. कुठल्या टोकाकडून ओव्हर टाकली तेही लिहा. मैदानावर ‘पॅव्हेलियन एंड’ वगैरे काही नसतं, म्हणून ‘पाण्याच्या टाकीकडून’ असं लिहिलं तरी चालतं. दुसरी सुपर ओव्हर जाहीर झाली की दोन्ही कप्तानांना टेबलाशी बोलवा, ते पान त्यांच्यासमोर वाचून दाखवा आणि सही घ्या. सही झाल्यावरच बॅट्समनला आत सोडा.